रजोनिवृत्तीनंतर हार्मोनचा पॅच की गोळी?

"वय ५१, वजन ८२ किलो, गर्भाशय आहे. घामाने रात्री झोप होत नाही. आईला पायाच्या शिरेत गुठळी झाली होती. गोळी घेऊ की पॅच?"

तुमच्या बाबतीत पॅच. इस्ट्रोजेनची गोळी पोटातून आधी यकृतात जाते आणि तिथे रक्त गोठवणारी प्रथिने वाढतात, त्यामुळे गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो. वजन आणि आईचा इतिहास त्यात भर घालतात. पॅचमधलं औषध कातडीतून थेट रक्तात जातं, म्हणून नेहमीच्या मात्रेत हा धोका वाढलेला दिसत नाही. पॅच मिळाला नाही तर जेलही तसंच काम करतं. आईची गुठळी कमी वयात, काही कारण नसताना झाली असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगा.

स्तनाच्या कर्करोगाबाबत मात्र पॅचमुळे निर्धास्त होऊ नका. गर्भाशय असल्याने त्याच्या अस्तराच्या रक्षणासाठी प्रोजेस्टेरॉनही घ्यावंच लागेल, आणि स्तनाचा धोका मुख्यतः या जोडीमुळे वाढतो. ब्रिटनमधला अंदाज असा: पन्नाशीतल्या १००० बायकांत ५ वर्षांत एरवी सुमारे २३ जणींना हा कर्करोग होतो, जोडउपचारावर आणखी ४ जणींना. जितकी वर्षं घ्याल तितका तो वाढतो.

स्वतःला स्तनाचा कर्करोग झालेला असेल, नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेला असेल, यकृताचा गंभीर आजार असेल, तर हे उपचार टाळावेत. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर अंगावरून रक्त गेलं असेल, तर आधी त्याचं कारण शोधा, पॅच नंतर.