नोटीस आणि रजा सेव्हरन्समध्ये 'धरली' असेल तर

प्रश्न: ले-ऑफ झालाय. एचआर म्हणते, सेव्हरन्स म्हणून वर्षामागे दोन आठवड्यांचा पगार देतोय, नोटीस आणि शिल्लक रजा त्यातच आली. बरोबर आहे का? टॅक्स किती कापतील?

नाही. सही करू नका.

मलाही असाच एक गोळाबेरीज आकडा दाखवला होता. पगार महिना 78,000, नोकरी 9 वर्षं 7 महिने, हातात ठेवले 3,24,000. मेहुणा म्हणाला, "देतायत ते घे, उद्या तेही मिळणार नाही." मी एचआरला एकच ओळ लिहिली: तिन्ही रकमा वेगळ्या दाखवा. बाई दोन दिवस गप्प.

हिशेब असा. आठवड्याचा पगार म्हणजे महिन्याला चारने भागणं नव्हे. वर्षाचे 9,36,000 भागिले 52, म्हणजे 18,000. नऊ वर्षांचे 18 आठवडे धरले की बरोबर 3,24,000. म्हणजे सगळी रक्कम सेव्हरन्सनेच खाल्ली होती. नोटीस आणि रजेच्या नावाखाली शून्य. वरचे 7 महिनेही गिळलेले, ते धरले तर 3,45,000 होतात.

नोटीस दोन महिन्यांची होती आणि 'उद्यापासून येऊ नका' म्हणाले होते, म्हणजे 1,56,000 वेगळे. हा मोबदला आधी न सांगता काढल्याचा, जुन्या वर्षांचा नाही. रजा तर कमावून ठेवलेली. तिथे खरी गंमत: 22 दिवस शिल्लक, त्यांनी पगाराला 30 ने भागून दिवसाचे 2,600 काढले. पण आमची रजा कामाच्या दिवसांत मोजली जायची, शनिवार-रविवार कधी त्यातून वजा झाले नाहीत. मग भागाकारही कामाच्या दिवसांनीच हवा: 18,000 भागिले 5, दिवसाला 3,600. 57,200 च्या जागी 79,200.

शेवटी नोटीस पूर्ण मिळाली, रजाही माझ्या दराने. 7 महिने मात्र दिले नाहीत, कारण पॉलिसीत 'पूर्ण झालेली वर्षं' असं स्पष्ट लिहिलं होतं. म्हणून तुमची पॉलिसी आणि नेमणूकपत्र आधी वाचा. 'पगार' म्हणजे फक्त बेसिक की भत्त्यांसकट, हेही तिथेच असतं आणि त्याने आकडा पार बदलतो. नोटीस कामावर राहून भरत असाल तर तिचे वेगळे पैसे नाहीत. वर्षामागचे आठवडे कायद्याने बांधील आहेत की कंपनीची मर्जी, हे ठिकाणागणिक बदलतं. मर्जी असेल तर त्यावर फार ताणू नका, नोटीस-रजेवर ताणा.

टॅक्सचं सीएला विचारा. तिन्हींना नियम वेगळे असू शकतात, म्हणूनही फोड हवी.

मेहुणा अजून म्हणतो, मी संबंध बिघडवले. त्याच एचआरने पुढच्या नोकरीच्या वेळी माझ्याबद्दल चांगलं सांगितलं, हे त्याला दर दिवाळीला ऐकवतो.