ऐकू आलं ते आधी सांगा, राहिलं ते मग विचारा

प्रश्न: ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंग इंग्रजीत असतात. समोरच्याचं बोलणं कळलं नाही की मी "सॉरी? पार्डन?" म्हणतो, पण तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटते आणि मग नुसती मान डोलावतो. उद्धट न वाटता पुन्हा कसं विचारायचं? आणि मध्येच बोलायचं असेल तर?

उत्तर:

"सॉरी?" म्हणण्यात उद्धटपणा काहीच नाही. अडचण ही की त्या एका शब्दावरून बोलणाऱ्याला तुमचं नेमकं काय हुकलं याचा पत्ता लागत नाही. मग तो एक तर तेच वाक्य त्याच वेगानं, फक्त जरा मोठ्यानं म्हणतो, नाही तर सगळं पहिल्यापासून सांगायला घेतो. दोन्हीकडे तुमची पंचाईतच.

2015 साली नेदरलँड्समधल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी बारा भाषांमधल्या रोजच्या गप्पांची चित्रणं तपासली होती. सरासरी दर दीडेक मिनिटाला कुणी ना कुणी "काय?", "कोण?", "उद्याच ना?" असं विचारत होतं, आणि तेही स्वतःच्याच भाषेत. त्यामुळे विचारण्याची लाज सोडा. त्याच अभ्यासात दिसलं की माणसं शक्य तितकं नेमकं विचारतात, आणि काहीच हाती लागलं नसेल तेव्हाच मोघम "काय?" वर येतात. परक्या भाषेत बोलताना आपण बरोब्बर उलटं करतो. नव्वद टक्के कळलेलं असतं, तरी विचारताना काहीच न कळल्यासारखं विचारतो.

म्हणून माझी पद्धत साधी आहे. जे ऐकू आलं ते आधी म्हणायचं आणि जिथे तुटलं तिथेच प्रश्न ठेवायचा. "सॉरी, आय गॉट द पार्ट अबाउट टेस्टिंग. हू डिड यू से इज डूइंग इट?" यात तुम्ही लक्ष देत होता हे आपोआप दिसतं, आणि समोरच्याला फक्त एक नाव सांगायचं असतं. असा प्रश्न तीनदा विचारला तरी कुणाला खटकत नाही, कारण दर वेळी तो वेगळा असतो.

एक प्रसंग घेऊन बघू. समजा मार्क नावाचा सहकारी भरभर म्हणाला, "वुई आर पुशिंग द रिलीज टू द थर्टीन्थ, अँड द क्लायंट कान्ट गेट द बिल्ड बिफोर दॅट." तुम्हाला रिलीजची तारीख बदलते आहे एवढं कळलं. बाकी धूसर. इथे तीन खड्डे आहेत आणि तिन्ही नेहमीचे आहेत.

पहिला तारखेचा. थर्टीन्थ की थर्टीएथ? थर्टीन आणि थर्टी, फिफ्टीन आणि फिफ्टी या जोड्या फोनवरून ऐकताना इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांचीही गफलत होते. "डिड यू से थर्टीन्थ?" असं विचारलं तर तुमचा थर्टीन्थ त्याला थर्टीएथ ऐकू येऊ शकतो, आणि तो खुशाल "येस" म्हणेल. आकडे सुटे करून विचारा: "मार्क, जस्ट टू चेक द डेट, इज दॅट वन थ्री ऑर थ्री झिरो?" वार माहीत असेल तर तोही जोडा. "सो दॅट्स वेन्सडे द थर्टीन्थ?" वार आणि तारीख जुळली नाही तर तो स्वतःच थांबेल.

दुसरा खड्डा 'पुशिंग'चा. रिलीज पुढे ढकलली असंही होतं, आणि सॉफ्टवेअरवाल्यांच्या बोलीत 'पुश' म्हणजे बाहेर सोडणं असंही होतं. मीटिंग "मूव्ह्ड फॉरवर्ड" झाली असं कुणी म्हणालं तर ती अलीकडे आली की पलीकडे गेली यावर इंग्रजी बोलणाऱ्यांचंही एकमत नसतं. इथे पुन्हा सांगायला लावून उपयोग नाही, शब्द तेच येतील. सरळ विचारा: "सो इज दॅट लेटर दॅन वुई प्लॅन्ड, ऑर अर्लियर?"

तिसरा खड्डा सगळ्यात खोल. बऱ्याच अमेरिकनांच्या बोलण्यात 'कान्ट'चा शेवटचा ट जवळजवळ गिळला जातो, आणि 'कॅन' की 'कान्ट' हे स्वराच्या जोरावरून ओळखावं लागतं. अर्थ थेट उलटा, आणि ऐकण्यातला फरक केसाएवढा. इथे आपण हमखास विचारतो, "सो दे कान्ट गेट इट?" आणि पुन्हा फसतो. नकारार्थी प्रश्नाला मराठीत "हो, नाही मिळणार" असं उत्तर चालतं. इंग्रजीत त्याच अर्थाचं उत्तर "नो, दे कान्ट" असं असतं. मीटिंगमध्ये वेगवेगळ्या देशांतली माणसं असली की नुसत्या "येस"चा अर्थ कुणी कसा लावेल याचा नेम नाही. त्यामुळे हो-नाही उत्तर येईल असा प्रश्नच टाळायचा आणि दोन पर्याय ठेवायचे: "डू दे गेट द बिल्ड बिफोर द थर्टीन्थ, ऑर ओन्ली आफ्टर?" आता त्याला "बिफोर" किंवा "आफ्टर" म्हणावंच लागतं. ही एक सवय लावून घेतलीत तर निम्म्या भानगडी मिटतील.

आता ऐकू सगळं आलं पण अर्थ लागला नाही, तेव्हाचं. इथे बरेच जण आवाजावर ढकलतात: "युवर व्हॉइस इज ब्रेकिंग." ही पळवाट मला पसंत नाही. एक तर बाकीचे म्हणतात, आम्हाला तर नीट येतोय. दुसरं म्हणजे समोरचा माइक जवळ घेऊन तेच न कळलेलं वाक्य पुन्हा ऐकवतो. जे झालंय तेच सांगा: "आय हर्ड यू, बट आय अ‍ॅम नॉट शुअर आय फॉलो. कुड यू पुट दॅट अनदर वे?" म्हणजे तो शब्द बदलून सांगेल. त्याहून मला आवडतं ते उदाहरण मागणं: "कुड यू गिव्ह मी अ‍ॅन एक्झाम्पल?" उदाहरण देताना माणसाचा वेग आपोआप कमी होतो. आवाज खरंच तुटला असेल तर कुठून तुटला ते सांगा: "यू कट आउट आफ्टर 'द क्लायंट'. कुड यू पिक इट अप फ्रॉम देअर?"

भरभर बोलणाऱ्याला "प्लीज स्पीक स्लोली" म्हणू नका. ते हुकमासारखं लागतं, आणि असर दोन वाक्यांपुरताच राहतो. "कुड यू टेक दॅट लास्ट बिट अ लिटल स्लोअर? आय वॉन्ट टू राइट इट डाउन" असं म्हटलं की कारण कळतं आणि मागणी एवढ्याशा तुकड्यापुरतीच राहते. 'कॅन यू' पेक्षा 'कुड यू' जरा मऊ, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. 'वुड यू माइंड' वगैरेच्या मागे लागू नका, लांब वाक्यात आपणच अडखळतो. "कम अगेन?" दोस्तांत ठीक, मीटिंगमध्ये तुटक वाटतं. आणि "आय हॅव अ डाउट" ऐवजी "आय हॅव अ क्वेश्चन" म्हणा. बाहेरच्या देशांतल्या माणसाला पहिल्या वाक्यात तुम्ही त्याच्या म्हणण्यावर शंका घेताय असं वाटू शकतं.

दोनदा विचारूनही एखादं नाव किंवा आकडा पकडता आला नाही तर तिसऱ्यांदा तोंडी विचारू नका. वाट बदला: "कुड यू ड्रॉप दॅट इन द चॅट?" यात कमीपणा अजिबात नाही, लिहिलेलं सगळ्यांच्याच कामाला येतं. लाइव्ह कॅप्शन सुरू ठेवायला हरकत नाही, पण नावं आणि आकडे यांतच ती जास्त चुकतात, म्हणजे नेमकी आपल्याला गरज असते तिथेच.

मध्येच बोलण्याचं गणित वेगळं आहे. समोरासमोर बोलताना एकाचं संपणं आणि दुसऱ्याचं सुरू होणं यांत साधारण 200 मिलिसेकंदांचंच अंतर असतं. नेटवरून आवाज पोचायलाच तेवढा किंवा त्याहून जास्त वेळ लागू शकतो. त्यामुळे तो श्वास घेतोय असं बघून तुम्ही बोलायला लागता, तोवर तिकडे त्याचं पुढचं वाक्य सुरू झालेलं असतं. दोघंही थांबता, दोघंही पुन्हा एकदम सुरू करता. हा उद्धटपणा नसतो, हा उशीर असतो. बारीकशा फटीत घुसण्याचा नाद म्हणूनच सोडा आणि मोठे सांधे शोधा: स्लाइड बदलताना, "ओके, सो" म्हणताना, एक मुद्दा संपून दुसरा सुरू होताना.

माइक आधी उघडा, मग बोला. झूमवर म्यूट असताना, झूमची खिडकी समोर असेल तर, स्पेसबार दाबून धरला की तेवढ्यापुरता माइक सुरू राहतो. टीम्सवर त्यासाठी Ctrl आणि स्पेसबार. पहिला शब्द समोरच्याचं नाव असू द्या: "मार्क, क्विक क्वेश्चन बिफोर वुई मूव्ह ऑन." एवढं म्हणून थांबायचं. प्रश्न लगेच विचारायचा नाही. नाव ऐकलं की माणूस थबकतो, आणि माइक उघडताना पहिलं अक्षर गिळलं गेलं तरी तुमचा प्रश्न शाबूत राहतो. "येस, गो अहेड" आलं की मग विचारा. 'सॉरी' एकदाच पुरे. "सॉरी, सॉरी टू डिस्टर्ब, सॉरी" यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात प्रश्न विचारून झाला असता.

हात वर करायचं बटण सभ्य आहे, पण जो स्क्रीन शेअर करतोय त्याला ते बरेचदा दिसत नाही. तुमचा हात पाच मिनिटं तसाच वर राहिला तर त्याला दुर्लक्ष समजू नका. मीटिंग चालवणारा वेगळा असेल तर त्याला चॅटवर लिहा, नाही तर आवाज द्या: "मार्क, आय हॅव माय हँड अप, व्हेनेव्हर यू गेट अ मोमेंट." विंडोजवर झूमसाठी Alt+Y, टीम्ससाठी Ctrl+Shift+K आणि गूगल मीटसाठी Ctrl+Alt+H दाबलं की हात वर होतो.

आणि दोघं एकदम बोललातच, तर "यू फर्स्ट, नो नो, यू" हा खेळ लांबवू नका. कुणीतरी एकानं ठरवून टाकायचं असतं, ते तुम्हीच ठरवा: "प्लीज, गो अहेड. आय विल कम इन आफ्टर यू." हे शेवटचं अर्ध वाक्य विसरू नका. त्यानं तुमची पाळी राखली जाते, आणि त्याचं झालं की "मार्क, कमिंग बॅक टू द डेट" म्हणून सरळ सुरू करता येतं.