जीएसटी नंबर आणि पत्ता चुकलेलं बिल: दुरुस्ती कशी मागायची?

नाशिकच्या अंबड वसाहतीत माझं छोटं मशीन शॉप आहे. जुलैत घेतलेल्या मालाच्या बिलावर नाव आमचं आहे, पण जीएसटी नंबर आणि पत्ता आमच्याच नावाशी मिळत्याजुळत्या दुसऱ्या फर्मचा. विक्रेता म्हणतो, “नवीन प्रिंट काढून पाठवतो, काळजी करू नका.” एवढं पुरेसं आहे का?

नाही. नवीन प्रिंटने फक्त तुमची फाइल दुरुस्त होते. खरेदीवर दिलेल्या कराचं तुमचं क्रेडिट जीएसटी पोर्टलवर ठरतं. जानेवारी २०२२ पासून नियम असा आहे की विक्रेत्याने जीएसटीआर-१ या विक्रीच्या रिटर्नमध्ये तुमच्या नंबरावर बिल भरलं पाहिजे आणि ते तुमच्या टू-बी मध्ये, म्हणजे पोर्टल दर महिन्याला तयार करतं त्या तुमच्या क्रेडिटच्या पत्रकात, दिसलं पाहिजे. तरच क्रेडिट घेता येतं. म्हणून आधी टू-बी उघडा आणि ते बिल तिथे आहे का ते बघा.

असं सांगतो त्याला कारण आहे. जीएसटी नंबरातलं शेवटचं, पंधरावं अक्षर हे तपासणीचं अक्षर असतं. एखादा अंक इकडचा तिकडे झाला तर पोर्टल सहसा तो नंबर घेतच नाही. त्यामुळे साधी टायपिंगची चूक असेल, तर विक्रेत्याच्या अकाउंटंटने रिटर्न भरताना ती बहुधा सुधारलेली असते. मग टू-बी बरोबर आणि कागद तेवढा चुकीचा, अशी स्थिती असते. नाहीतर नंबर जमत नाही म्हणून त्याने ते बिल बिगरनोंदणीकृत ग्राहकांच्या एकत्रित आकड्यात ढकलून दिलेलं असतं. तुमच्यासारख्या प्रकरणात, म्हणजे छापलेला नंबर दुसऱ्या कुणाचा खराखुरा असेल तेव्हा, पोर्टल तक्रार न करता तो स्वीकारतं आणि तुमचं क्रेडिट त्या फर्मच्या खात्यात जाऊन बसतं. चुकीच्या या तीन जागा आहेत आणि प्रत्येकीची दुरुस्ती वेगळी आहे. म्हणून “बिल बदलून द्या” एवढंच सांगून भागत नाही.

तुमच्या बिलाचा हिशोब मांडून बघू. माल २,४०,००० रुपयांचा, १८ टक्क्यांनी कर ४३,२००, एकूण २,८३,२००. बिल ८ जुलैचं. मासिक रिटर्न भरणाऱ्या विक्रेत्याने जुलैचं जीएसटीआर-१ हे ११ ऑगस्टपर्यंत भरलं आणि १४ ऑगस्टला तयार झालेल्या टू-बी मध्ये तुमचं बिल दिसलं नाही. आता त्याने ऑगस्टच्या जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे ११ सप्टेंबरपर्यंत, तक्ता ९ए मधून जुन्या बिलावरचा ग्राहकाचा नंबर बदलायचा. मग ते १४ सप्टेंबरच्या टू-बी मध्ये येईल आणि ऑगस्टच्या ३बी मध्ये, म्हणजे तुम्ही कर भरता त्या रिटर्नमध्ये, तुम्ही क्रेडिट घ्याल. ४३,२०० रुपये एक महिना उशिरा मिळतील, पण मिळतील. तोवर जुलैच्या ३बी मध्ये “बिल तर हातात आहे” म्हणून ते क्रेडिट घेऊ नका.

हल्ली काही अकाउंटंट म्हणतात की जीएसटीआर-१ए मधून त्याच महिन्यात दुरुस्ती करून देतो. ही सोय २०२४ मध्ये आली आणि ती चांगली आहे, पण ग्राहकाचा जीएसटी नंबर तिच्यातून बदलता येत नाही. त्यासाठी पुढच्या महिन्याचं जीएसटीआर-१ हाच रस्ता आहे. शिवाय ९ए मधून एकदा दुरुस्त केलेलं बिल पुन्हा दुरुस्त करता येत नाही. म्हणून बरोबर नंबर फोनवर सांगू नका, नोंदणी प्रमाणपत्राची प्रत पाठवा. निरोप असा लिहा:

“आपले बिल क्र. अमुक, दि. ८ जुलै, एकूण रु. २,८३,२००. यावर ग्राहकाचा जीएसटी नंबर व पत्ता आमचा नाही. आमचे नोंदणी प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. कृपया १) ऑगस्टच्या जीएसटीआर-१ मध्ये तक्ता ९ए मधून नंबर दुरुस्त करावा, २) त्याच क्रमांकाची व तारखेची दुरुस्त प्रत सहीसह द्यावी, ३) आपल्या ग्राहक मास्टरमध्ये बदल करावा. टू-बी मध्ये बिल दिसेपर्यंत कराची रक्कम रु. ४३,२०० राखून ठेवत आहोत.”

शेवटचं वाक्य अनेकांना कठोर वाटतं, पण आधीच पूर्ण पैसे दिले असतील तर विक्रेत्याला घाई उरत नाही आणि तुमचे ४३,२०० अडकून पडतात. मालाची मूळ रक्कम मात्र वेळेवर द्या. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. तिसरा मुद्दाही विसरू नका. मास्टर बदलला नाही तर पुढचं बिल त्याच चुकीसह छापून येतं.

आम्ही कोथरूडहून वाकडला दुकान हलवलं. एक घाऊक विक्रेता अजून जुन्याच पत्त्यावर बिल करतो. जीएसटी नंबर बरोबर आहे. ही सगळी बिलं परत मागायची का?

गरज नाही. बिलात सगळे तपशील असावेत असा नियम आहे. पण कराची रक्कम, मालाचं वर्णन, एकूण किंमत आणि दोघांचे जीएसटी नंबर असतील (परराज्यातली विक्री असेल तर पुरवठ्याचं ठिकाणही), तर क्रेडिट घेता येतं, असं नियम ३६ मध्येच म्हटलं आहे. पत्ता चुकला एवढ्यावरून क्रेडिट जात नाही. पुढच्या बिलांसाठी लेखी कळवा आणि त्या पत्राची प्रत फाइलला ठेवा.

मला जास्त काळजी तुमच्या नोंदणीची आहे. मुख्य जागा बदलल्यावर १५ दिवसांत पोर्टलवर दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो. तो केला नसेल तर आज करा, कारण विभागाची नजर विक्रेत्याच्या बिलाआधी तिथे जाते. आणि बिलावर पेनाने खाडाखोड करून स्वतः पत्ता बदलू नका. साधी चूक त्यामुळे संशयास्पद दिसू लागते.

इचलकरंजीतून सूत घेतो. पुरवठादार ई-इनव्हॉइस करतो. आमचा नंबर चुकल्याचं तिसऱ्या दिवशी कळलं. तो म्हणतो, “२४ तास झाले, आता काहीच होत नाही.” खरं का?

अर्धं खरं आहे. ई-इनव्हॉइस पोर्टलवर बिलात बदल करताच येत नाही. ते पूर्ण रद्द करता येतं, तेही २४ तासांत आणि त्यावर ई-वे बिल चालू नसेल तरच. रद्द केल्यावर तोच क्रमांक पुन्हा वापरता येत नाही, नव्या क्रमांकाने बिल करावं लागतं.

२४ तास उलटल्यावरही जीएसटीआर-१ मधली दुरुस्ती उरतेच. रक्कम आणि कराचा प्रकार बरोबर असेल, तर वर सांगितल्याप्रमाणे ९ए मधून नंबर बदलून घ्या. क्यूआर कोड असलेला मूळ कागद मात्र जुनाच राहील. म्हणून पुरवठादाराच्या लेटरहेडवर सहीशिक्क्याचं पत्र घ्या. त्यात बिल क्रमांक, चुकलेला नंबर, बरोबर नंबर आणि कोणत्या महिन्याच्या रिटर्नमध्ये दुरुस्ती केली, हे असू द्या. पत्र बिलालाच टाचून ठेवा.

बरेच पुरवठादार त्याऐवजी पूर्ण रकमेची क्रेडिट नोट काढून नवीन बिल देतात. ते चालवून घेतलं जातं आणि कागद स्वच्छ राहतो, पण क्रेडिट नोट चुकीच्या नंबरावरच निघाली पाहिजे. ती तुमच्या नंबरावर निघाली, तर ज्या बिलाचं क्रेडिट तुम्हाला कधी मिळालंच नाही तेही तुमच्या खात्यातून वजा होईल.

आमची पुण्यात आणि बंगळुरात नोंदणी आहे. पुण्यातल्या कारखान्याच्या कॉम्प्रेसरची देखभाल पुण्यातल्याच एजन्सीने केली, पण बिल बंगळुरूच्या २९ ने सुरू होणाऱ्या नंबरावर, तिथल्या पत्त्यावर आणि आयजीएसटी लावून आलं. फक्त नंबर बदलून घेऊ?

इथे नुसता नंबर बदलला तर नवी चूक होईल. पहिले दोन अंक राज्याचे असतात, २७ महाराष्ट्राचे आणि २९ कर्नाटकाचे. नोंदणीकृत ग्राहकाला दिलेल्या अशा सेवेचं ठिकाण ग्राहकाच्या जागेवरून ठरतं. म्हणून २९ वर आयजीएसटी लागला आणि २७ वर तोच कर सीजीएसटी व एसजीएसटीत विभागून लागायला हवा. ५०,००० च्या बिलावर ९,००० आयजीएसटीऐवजी ४,५०० अधिक ४,५०० व्हायला हवेत.

म्हणून एजन्सीकडून जुन्या बिलाची पूर्ण क्रेडिट नोट आणि २७ च्या नंबरावर नवीन बिल मागा. तोपर्यंत बंगळुरू शाखेने ते क्रेडिट वापरू नये. एजन्सी बहुधा म्हणेल की आता दुसरा कर भरावा लागेल आणि त्यावर व्याज पडेल. तिला सीजीएसटी कायद्याचं कलम ७७ आणि आयजीएसटी कायद्याचं कलम १९ दाखवा. चुकीच्या प्रकारचा कर भरला गेला असेल तर बरोबर प्रकारचा भरताना व्याज लागत नाही आणि आधीचा परत मागता येतो.

मागणी करण्याआधी एक गोष्ट तुमच्या खरेदी विभागाला विचारा: ऑर्डर कुठून गेली होती? करार आणि ऑर्डर बंगळुरूची असेल, तर एजन्सीने केलेलं बिल कदाचित बरोबरच असेल.

दोन वर्षांपूर्वीचं बिल दुसऱ्याच नंबरावर गेल्याचं ऑडिटमध्ये कळलं. आता?

मुदत संपली आहे. ज्या आर्थिक वर्षाचं बिल, ते वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच दुरुस्ती आणि क्रेडिट दोन्ही शक्य असतं. वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं तर मुदत तिथेच संपते. २०१७ पासून २०२१ अखेरपर्यंतच्या काळासाठी केंद्राने परिपत्रकांनी वाट दिली होती. नंबर चुकला असेल आणि विक्रेत्याने कर भरला असेल, तर त्याचं प्रमाणपत्र चालत होतं. एका विक्रेत्याकडचा वर्षाचा फरक पाच लाखांवर गेला तर सीएचं प्रमाणपत्र लागत होतं. तुमचं बिल त्या काळातलं नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्टार इंजिनिअर्सच्या प्रकरणात अशीच नंबराची चूक मुदतीनंतरही दुरुस्त करू द्यायला सांगितलं, कारण सरकारचा एक रुपयाही बुडाला नव्हता. पण तिथे अर्ज विक्रेत्याने केला होता. तुमचा विक्रेता तयार असेल आणि रक्कम लाखांत असेल तर वकिलाचा सल्ला घ्या. काही हजारांसाठी रिट याचिका परवडत नाही. तेव्हा विक्रेत्याकडून ती रक्कम व्यवहारात वळती करून घ्या.

आमच्या टू-बी मध्ये एका अनोळखी पार्टीचं बिल दिसतंय. माल आम्ही घेतलेलाच नाही. सोडून देऊ?

सोडू नका. ऑक्टोबर २०२४ पासून पोर्टलवर आयएमएस ही आलेली बिलं स्वीकारायची किंवा नाकारायची सोय आहे, तिथे ते बिल नाकारा. काहीच केलं नाही तर ते स्वीकारलं असं धरलं जातं आणि क्रेडिट आपोआप ३बी मध्ये उतरतं. ते वापरलं गेलं तर पुढे व्याजासह भरावं लागेल. नाकारलेलं बिल विक्रेत्याला त्याच्या बाजूला दिसतं, त्यावरून त्याला चूक कळते. त्याचा संपर्क मिळत असेल तर एक फोनही करा, कारण दुसरीकडे कुणीतरी आपल्या टू-बी मध्ये हेच बिल शोधत असेल.