बोलून टाइप केलेली लांब नोंद कशी सुधारावी?

प्रश्न: सोसायटीच्या सभेची नोंद मोबाइलवर बोलून टाइप केली. शब्द चुकलेत, विरामचिन्हं नाहीत, वाक्यं एकात एक. सुरुवात कुठून करू?

उत्तर: आधी वाक्यं तोडा, शब्दांकडे नंतर बघा. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येतं, म्हणून 'आहे', 'झाले', 'नाही' शोधत जा आणि पुढे पूर्णविराम द्या. सरसकट बदलू नका, 'आहे का', 'आहे म्हणून' मध्येच तुटतील. 'नाही'ला विशेष जपा: 'काम थांबवायचं नाही पैसे द्यायचे' यात पूर्णविराम 'नाही'च्या आधी की नंतर, यावर ठरावच उलटतो!

मग मोठ्याने वाचा. 'टाकीला गलती आहे' इथे 'गळती' हवं, पण 'गलती'ही शब्दच, त्यामुळे स्पेलचेक गप्प बसण्याची शक्यता जास्त. आकडे आणि आडनावं मूळ कागदाशी ताडा. आणि हे त्याच दिवशी करा; बोललेलं सहसा साठवलं जात नाही.