भिंतीवरचं घोषवाक्य आणि दहा टँकर

प्रश्न: आमच्या दुष्काळी गावात जलसंधारणाची मोहीम घेतोय. भिंतींवर रंगवायला चांगली घोषवाक्ये सुचवा.

आधी 'पाणी म्हणजे जीवन' यादीतून काढा. ज्या बाईने टँकरखाली हंडे लावलेत, तिला हे भिंतीने सांगायची गरज नाही. तालुक्याहून छापील यादी येते आणि सगळ्या गावांत तीच वाक्यं रंगतात, यावर माझे बऱ्याच जणांशी वाद झालेत. माझं म्हणणं एकच: वाक्य कुठल्या भिंतीवर आहे, ते आधी बघा.

शिवाराच्या वाटेवरच्या भिंतीला हिशोब द्या. एक इंच पाऊस एक एकरावर पडला की साधारण एक लाख लिटर पाणी होतं, म्हणजे दहा हजार लिटरचे दहा टँकर. म्हणून:

एक इंच पाऊस, एक एकर रान
दहा टँकर वाहून गेले, होतं का भान?

पाण्याचं हे माप माणूस मनात लगेच मोजतो, कारण टँकर त्याच्या दारात येतो.

नळकोंडाळ्याजवळ:

तोटी नाही ज्या नळाला
पाणी जातं गटाराला

पाणलोटाच्या कामासाठी 'आधी माथ्यावर चर, मगच ओढ्यावर बांध'. यमक नाही, आणि नको. वरच्या उतारावर समतल चर नसतील, तर खालचा बंधारा दोन-तीन पावसाळ्यांत गाळाने भरतो. यमकासाठी 'पाणी-वाणी' करत बसणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

पारावर मात्र टोचणारं चालतं: 'तुझी बोअर खोल गेली, शेजाऱ्याची विहीर मेली'. भांडण होईल. होऊ द्या, ते भांडण गावात व्हायलाच हवं.

आता रंगाचं. दोन ओळी, आठ-दहा शब्द, बस. साठ फुटांवरून सहज वाचायचं तर अक्षर सहा इंच हवं, आणि ओळींमध्ये चार-पाच इंच मोकळे. नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. जुना चुना तसाच ठेवून वर रंग दिला, तर रंग चुन्यासकट पापुद्र्याने निघतो. तारेच्या ब्रशने खरवडा, प्रायमर द्या, मग बाहेरचा इमल्शन. पांढऱ्या किंवा पिवळ्या जमिनीवर गडद निळी अक्षरं टिकतात. लाल उन्हात लवकर उडतो. खालचे दोन फूट कोरे सोडा. तिथं पावसाचे शिंतोडे उडतात, जनावरं अंग घासतात आणि जमिनीची ओल चढून क्षार रंगाला उचलतो. हाताला क्षाराची पांढरी भुकटी लागली की ती भिंत सोडून द्या.

आणि हो, ते दहा टँकर म्हणजे पडलेलं पाणी. त्यातलं काही मुरतं, काही उडून जातं, सगळंच वाहत नाही. कोणी अडवून विचारलं तर सांगता यावं. घरमालकाची परवानगी रंगाचा डबा उघडायच्या आधी घ्या.