कोल्ड मेलमध्ये केस स्टडी जोडू की ग्राहकाची छोटी गोष्ट लिहू?

प्रश्न: भोसरीत आमची कॉम्प्रेस्ड एअरच्या लीकेज ऑडिटची छोटी कंपनी आहे. अनोळखी कारखान्यांना मेल करताना १४ पानी केस स्टडीची पीडीएफ जोडतो. उत्तर जवळजवळ येतच नाही. एक जण म्हणाला, पीडीएफ काढा आणि मेलमध्येच एखाद्या ग्राहकाची गोष्ट लिहा. ती नेमकी कशी लिहायची? आणि मग केस स्टडीचं काय करायचं?

उत्तर:

पीडीएफ काढा, हे बरोबरच सांगितलंय. मी आधी प्लांटमध्ये मेंटेनन्सला होतो, आता अशाच सेवा विकतो, त्यामुळे हे मेल घेणारा आणि पाठवणारा दोन्ही झालोय. अनोळखी माणसाची पीडीएफ कोणी उघडत नाही. एक तर आयटीवाल्यांनी व्हायरसची भीती घातलेली असते, आणि मेल बघितला जातो तो शॉपफ्लोअरवर, मोबाइलवर, उभ्या उभ्या. त्यातून १४ पानांपैकी पहिली तीन तुमच्या कंपनीच्या ओळखीची असणार!

पण गोष्ट लिहा म्हणजे केस स्टडीचा सारांश लिहा, असं नाही. 'एका अग्रगण्य कंपनीची ऊर्जा बचत' या ओळीने कोणाचंच काही हलत नाही. गोष्टीत निदान एक खूण अशी हवी, जी वाचणाऱ्याला स्वतःच्या कारखान्यात जाऊन तपासता येईल. तुमच्या धंद्यात ती आयती आहे. सगळ्या मशीन बंद असताना कॉम्प्रेसर किती सेकंद लोड होतो आणि किती सेकंद अनलोड राहतो, हे घड्याळ लावून बघायचं. लोडचा वेळ भागिले लोड-अनलोडचा एकूण वेळ, गुणिले शंभर, की लीकेजची टक्केवारी मिळाली. उपकरण लागत नाही आणि तुमच्यावर विश्वासही ठेवावा लागत नाही.

मी असा मेल लिहीन (आकडे नमुन्याचे आहेत, तुम्ही तुमच्या ग्राहकाचे खरे घाला):

> विषय: गुरुवारी प्लांट बंद, कॉम्प्रेसर चालू
>
> नमस्कार साहेब,
>
> चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये ५० एचपीचा स्क्रू कॉम्प्रेसर आहे. दुसऱ्या शिफ्टला प्रेशर पडायचं, म्हणून दुसरा कॉम्प्रेसर घ्यायचं चाललं होतं. सुट्टीच्या गुरुवारी सगळ्या मशीन बंद ठेवून बघितलं तर तो ९० सेकंद लोड, २१० सेकंद अनलोड असा चालत होता. म्हणजे ३० टक्के हवा नुसतीच गळत होती. बरीचशी गळती क्विक कपलर आणि प्रेसजवळच्या पीयू पाइपांवर सापडली. आम्ही टॅग लावले, दुरुस्ती त्यांच्याच फिटरने केली. महिन्याने तीच चाचणी घेतली तेव्हा लोड ७० सेकंद, अनलोड ६३० सेकंद. नव्या कॉम्प्रेसरची फाइल बंद झाली.
>
> तुमच्याकडे सुट्टीच्या दिवशी लोड-अनलोड किती येतो, कधी मोजलंय का?

खाली नाव आणि फोन नंबर. कंपनीची ओळख नको, सेवांची यादी नको, 'आपला बहुमूल्य वेळ' तर नकोच.

यात मी 'वर्षाला अमुक लाख वाचले' लिहिलं नाही, ते मुद्दाम. केस स्टडीत हा आकडा हमखास असतो आणि बरेचदा चुकीचा असतो. ५० एचपी म्हणजे साधारण ३७ किलोवॉट. लीकेज ३० वरून १० टक्क्यांवर आलं, म्हणजे २० टक्के वाचले, म्हणजे ७.४ किलोवॉट, असा सरळ हिशेब मांडतात. वर्षाचे ६,००० तास आणि ९ रुपये युनिट धरलं की जवळपास चार लाख. पण फिक्स्ड स्पीडचा स्क्रू कॉम्प्रेसर अनलोडवर असतानाही वीज खातो. ती पूर्ण लोडच्या ३० टक्के धरली तर खरी बचत ५.२ किलोवॉटच्या आसपास, म्हणजे पावणेतीन-तीन लाखांचीच उरते. युटिलिटी सांभाळणाऱ्या माणसाला हे पाठ असतं. 'चार लाखांची बचत' दिसली की तो मेल तिथेच बंद करतो. रुपये सांगायचेच असतील तर मीटरवर मोजलेली युनिटं सांगा, आणि तीही उत्तर आल्यावर.

सेकंदांचंही तसंच. गळती कमी झाली की लोडचा वेळ थोडाच घटतो आणि अनलोडचा कितीतरी वाढतो, कारण टाकी उतरायलाच वेळ लागतो. गोष्ट छान दिसावी म्हणून कोणी '३० सेकंद लोड, २७० अनलोड' असं ठोकून दिलं, तर टक्केवारी तीच १० येईल, पण त्याच कॉम्प्रेसरवर, त्याच टाकीवर आणि त्याच प्रेशर सेटिंगवर तसं होणार नाही. म्हणून ऑडिटच्या वहीत जे आहे तेच उतरवा. आकडे ओबडधोबड असले तर उलट बरं.

नावाचं काय? प्रेस शॉपवाले मोठ्या गाडी कंपन्यांचे व्हेंडर असतात आणि आपल्या प्लांटची गळती बाहेर कळलेली त्यांना खपत नाही. ग्राहकाला मेलचा मजकूर दाखवून 'नाव न घेता एवढं लिहू का' असं विचारा. बहुतेक जण हो म्हणतात. नाव गाळलं तरी गाव, कामाचा प्रकार आणि कॉम्प्रेसरचा आकार मात्र ठेवा, कारण वाचणारा स्वतःला त्याच तीन गोष्टींत शोधतो. याच कारणाने ही गोष्ट सगळ्यांना पाठवून चालणार नाही. फार्मावाल्याला प्रेस शॉपशी देणंघेणं नसतं. आणि ज्यांच्याकडे एकच व्हीएफडी कॉम्प्रेसर आहे, त्यांच्याकडे ही लोड-अनलोडची चाचणी नीट लागूच होत नाही, त्यांना पाठवलीत तर तुम्हाला विषय कळत नाही असं वाटेल. प्रेस शॉप, प्लास्टिक मोल्डिंग, पेंट शॉप अशा तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी तयार ठेवा आणि यादी त्याप्रमाणे पाडा.

केस स्टडी फेकू नका. 'कुठली कंपनी?', 'खर्च किती?', 'कसं मोजता?' असं उलट विचारणं आलं की ती पाठवायची, पण १४ पानं नव्हे. लीकेजच्या टॅगची यादी, आधीचं आणि नंतरचं रीडिंग, दोन फोटो, बस. पूर्ण फाइल लागते ती पुढे, मेंटेनन्सवाला खर्चाची मंजुरी घ्यायला वर जातो तेव्हा किंवा पर्चेसला व्हेंडर म्हणून नोंदवायला. मोठ्या कंपन्यांत त्याशिवाय काम होत नाही.

फरक पडला का, हे ओपन रेटवरून ठरवू नका. ॲपलच्या मेलमध्ये २०२१ पासून प्रायव्हसीची जी सोय आली, तिच्यामुळे न वाचलेला मेलही उघडलेला दिसू शकतो. आलेली उत्तरं वाचा. 'ब्रोशर पाठवून ठेवा' हा सभ्य नकार समजा. 'आमच्याकडे १२० आणि १८० येतंय, हे जास्त आहे का?' असं कोणी लिहिलं, तर पीडीएफच्या भानगडीत न पडता लगेच फोन करा. ४० टक्के गळती आहे ती, आणि मोजलीय त्याने स्वतः.