खोटं वचनही वचनच?

प्रश्न: मनात नसताना "वचन देतो" म्हटलं, तर ते वचन ठरतं का?

ठरतं, आणि मोडलं तर जाबही द्यावा लागतो. "उद्या पैसे परत करीन, वचन देतो" हे वाक्य मनातल्या हेतूची बातमी देत नाही. ते उच्चारणं हीच वचन देण्याची कृती. ब्रिटिश तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ च्या हार्वर्डमधल्या व्याख्यानांत इथे दोन बिघाड वेगळे केले. हेतू खोटा असला तर कृती घडते, फक्त तिचा गैरवापर होतो. अधिकार नसलेल्या कुणी गोदीत घुसून जहाजाचं नामकरण केलं, तर मात्र नाव पडतच नाही, मग तो कितीही मनापासून बोललेला असो. अट एवढीच, की वचन समोरच्याला ऐकू गेलं आणि कळलं पाहिजे. नाटकातल्या पात्राचं वचन अर्थातच नटाला बांधत नाही.